कलम ८.१ मधला दुसरा स्वल्पविराम

कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावर न्यू ब्रन्सविक नावाचा प्रांत आहे. तिथे रस्त्याकडेच्या खांबांवरून एकाच वेळी वीज, टेलिफोन आणि केबल टीव्ही अशा तिन्ही तारा धावतात. केबलच्या धंद्यातल्या रॉजर्स कंपनीने स्वतःचे खांब उभे करण्याऐवजी अ‍ॅलियंट या टेलिफोन कंपनीशी २००२ साली करार केला आणि खांबामागे वर्षाला ९.६० डॉलर भाड्याने तारा ओढायची सोय करून घेतली. वृत्तपत्रांनी खांबांची संख्या सुमारे ९१ हजार असल्याचे छापले होते. करार निदान २००७ च्या वसंतापर्यंत, म्हणजे पाच वर्षे, पक्का आहे असे रॉजर्स समजून चालली होती. २००५ च्या सुरुवातीला अ‍ॅलियंटने कळवले की करार एका वर्षाच्या पूर्वसूचनेने संपवत आहोत. नवे भाडे काही ठिकाणी २८.०५ डॉलरपर्यंत जाणार होते.

पाच वर्षांचा करार तिसऱ्याच वर्षी नोटीस देऊन मोडता येतो का? अ‍ॅलियंटचे उत्तर होते, येतो, कलम ८.१ वाचा. रॉजर्सचेही उत्तर तेवढेच ठाम होते: येत नाही, कलम ८.१ वाचा.

हे कलम इंग्रजीत एकाच लांब वाक्यात लिहिलेले होते. त्यातले तुकडे मूळ क्रमानेच मराठीत मांडले तर ते साधारण असे दिसतात: ‘हा करार केल्याच्या तारखेपासून पाच वर्षे अमलात राहील, आणि त्यानंतर लागोपाठच्या पाच-पाच वर्षांच्या मुदतींसाठी, जोवर कोणत्याही एका पक्षाने एक वर्ष आधी लेखी सूचना देऊन तो संपवलेला नाही तोवर.’ स्वल्पविराम दोन आहेत. पहिला ‘आणि’च्या आधी, दुसरा ‘जोवर’च्या आधी. सगळा वाद शेवटच्या तुकड्याचा होता. तो तुकडा फक्त मधल्या तुकड्याला, म्हणजे नूतनीकरणाच्या मुदतींना लागतो, की पहिल्या पाच वर्षांनाही?

प्रकरण कॅनडाच्या रेडिओ, दूरचित्रवाणी आणि दूरसंचार आयोगापुढे गेले. हा आयोग म्हणजे न्यायालय नव्हे, पण अशा वादांत तो दोन्ही बाजूंचे लेखी म्हणणे आणि शपथपत्रे घेऊन बंधनकारक निर्णय देतो. जुलै २००६ मध्ये त्याने अ‍ॅलियंटच्या बाजूने कौल दिला. कारण थोडक्यात असे: विरामचिन्हांच्या नियमांनुसार ‘जोवर’च्या आधी स्वल्पविराम असल्यामुळे ती अट मागच्या दोन्ही तुकड्यांना लागू होते. रॉजर्सला याची किंमत किती पडणार याचे आकडे दहा लाख कॅनेडियन डॉलरपासून एकवीस लाखांपर्यंत छापून आले, आणि एका स्वल्पविरामाची ही किंमत जगभर बातमीचा विषय झाली.

रॉजर्सने आयोगाकडे फेरविचाराचा अर्ज केला आणि त्यासोबत एका तज्ज्ञाचे शपथपत्र जोडले. तज्ज्ञ होते केनेथ अ‍ॅडम्स, करार कसे लिहावेत या विषयावर अमेरिकन वकील संघटनेने प्रसिद्ध केलेल्या शैलीपुस्तकाचे लेखक. शपथपत्र ६९ पानांचे होते आणि त्यातला बराचसा भाग स्वल्पविरामांबद्दल होता. आयोगाने ज्याला ‘विरामचिन्हांचा नियम’ म्हटले, त्याचीच त्यात चिकित्सा होती.

एका वाक्यावर ६९ पाने लिहिण्याइतके काय असते, हे समजून घ्यायचे तर अशा साक्षीत तज्ज्ञ नेमके काय करतो ते पाहावे लागते.

सर्वांत आधी तो दोन गोष्टी वेगळ्या काढतो. करारात ‘वाजवी मुदतीत’ असे लिहिले असेल तर तो शब्द मोघम आहे. त्याचा अर्थ एकच, फक्त त्याची कड पुसट आहे. दहा दिवस वाजवी, दहा महिने नाहीत, मधे कुठेतरी सीमा आहे. कलम ८.१ मोघम नाही. ‘पाच वर्षे’, ‘एक वर्ष’, ‘लेखी सूचना’ यांपैकी एकाही शब्दाबद्दल कोणाला शंका नाही. सगळे शब्द स्वच्छ, तरी वाक्याचे दोन अर्थ, कारण शब्दांची जुळणी दोन प्रकारे होऊ शकते. कोणता तुकडा कोणाला जोडायचा हे वाक्य सांगत नाही. याला वाक्यरचनेतली संदिग्धता म्हणतात. शब्दकोश उघडून ती सुटत नाही, म्हणून ‘शब्दांचा सरळ अर्थ घ्या’ हा न्यायालयांचा आवडता उपाय इथे कामी येत नाही. प्रत्येक शब्दाचा सरळ अर्थ घेतल्यावरही दोन वाक्ये हातात राहतात.

मराठीत असे घडते तेव्हा गोंधळ सहसा वाक्याच्या सुरुवातीला असतो. घरभाड्याच्या करारात असे वाक्य असू शकते: ‘मालकाच्या लेखी परवानगीशिवाय भाडेकरूने भिंतींना खिळे ठोकू नयेत आणि पोटभाडेकरू ठेवू नये.’ परवानगी मिळाली तर पोटभाडेकरू ठेवता येईल का? ‘परवानगीशिवाय’ हा शब्द ‘आणि’ ओलांडून पुढे पोचत असेल तर येईल, अलीकडेच थांबत असेल तर मनाई पूर्ण आहे. इंग्रजीत अट बहुधा शेवटी येते, त्यामुळे तिथे प्रश्न उलट दिशेने पडतो: अट मागे किती लांब पोचते?

ही पोच कागदावर दाखवण्यासाठी तज्ज्ञ कंस वापरतो. शाळेत बेरीज-गुणाकाराच्या गणितात कंस कुठे घातला यावर उत्तर बदलते, तसेच इथे होते. कलमाला तीन अक्षरे देऊ: ‘क’ म्हणजे पहिली पाच वर्षे, ‘ख’ म्हणजे नंतरच्या मुदती आणि ‘ग’ म्हणजे सूचना देऊन संपवण्याची अट. रॉजर्सचे वाचन असे: क आणि (ख, ग नसेल तर). अ‍ॅलियंटचे वाचन असे: (क आणि ख), ग नसेल तर. शब्द तेच, क्रम तोच, फक्त कंसाची जागा हललेली. अवघ्या दोन ओळींच्या या मांडणीमुळे न्यायाधीशाला वाद नजरेसमोर दिसतो, आणि तो इतरत्र भरकटत नाही.

पण दोन कंस काढता आले एवढ्यावरून वाक्य संदिग्ध ठरत नाही. हुशार वकील कोणत्याही वाक्यातून दुसरा अर्थ ओढून काढू शकतो. म्हणून खऱ्या आणि ओढूनताणून आणलेल्या संदिग्धतेत फरक करणाऱ्या कसोट्या लागतात.

पहिली कसोटी व्याकरणाची. एकही शब्द न वाढवता, न गाळता दोन्ही वाचने इंग्रजीत शुद्ध बसतात का? बसतात. कोणाचाच काळ, वचन किंवा कर्ता बिघडत नाही. काही कलमांत क्रियापदाच्या वचनावरूनच अट एका गोष्टीला लागते की दोन गोष्टींना, ते ठरते. इथे असा खुणेचा दगड नाही.

दुसरी कसोटी पुनर्लेखनाची. तज्ज्ञ प्रत्येक वाचनासाठी एकेक निःसंदिग्ध मजकूर लिहून दाखवतो. अ‍ॅलियंटला हवा असलेला अर्थ असा लिहिता आला असता: ‘कोणताही पक्ष कधीही एक वर्षाची लेखी सूचना देऊन हा करार संपवू शकेल. तसे न झाल्यास तो पाच वर्षे आणि त्यानंतर पाच-पाच वर्षे चालू राहील.’ रॉजर्सला हवा असलेला असा: ‘हा करार पाच वर्षे चालेल. त्यानंतर तो पाच-पाच वर्षांसाठी चालू राहील, मात्र एक वर्षाची लेखी सूचना देऊन हे नूतनीकरण संपवता येईल.’ दोन्ही मजकूर सोपे आहेत आणि मूळ कलम त्यांपैकी एकही नाही. मूळ वाक्याच्या जागी दोन्ही सारखेच चालतात आणि एकमेकांच्या जागी मात्र चालत नाहीत, तेव्हा संदिग्धता खरी आहे असे म्हणायला आधार मिळतो.

तिसरी कसोटी परिणामाची. २००६ साली करार जिवंत होता का? एका वाचनात नाही, दुसऱ्यात होय. खांबाचे भाडे यावरच ठरणार होते. परिणाम बदलत नसेल तर वाक्य कितीही द्व्यर्थी असले तरी न्यायालयाने त्यात वेळ घालवण्याचे कारण नाही.

एवढी पूर्वतयारी झाल्यावर तज्ज्ञ स्वल्पविरामाकडे वळतो. या प्रकरणातला सर्वांत रंजक भाग हाच, कारण दोन्ही बाजूंना विरामचिन्हांचा आधार सापडत होता.

अ‍ॅलियंटच्या बाजूचा युक्तिवाद ऐकताक्षणी पटतो. वाक्याच्या मध्यात दोन स्वल्पविराम आले की त्यांच्यामधला मजकूर कंसात टाकल्यासारखा होतो आणि तो उचलून बाजूला ठेवता येतो. ‘आणि त्यानंतर लागोपाठच्या पाच-पाच वर्षांच्या मुदतींसाठी’ एवढा तुकडा काढून उरलेले वाचा: करार पाच वर्षे अमलात राहील, जोवर सूचना देऊन तो संपवलेला नाही तोवर. आता अट थेट पहिल्या पाच वर्षांना येऊन चिकटते. दुसरा स्वल्पविराम नसता तर हे जमले नसते. जुन्या कायदेशीर परंपरेचाही त्याला टेकू मिळतो. इंग्रजी कायद्यात एक संकेत आहे की शेवटी आलेली अट तिच्या लगतच्या शेवटच्या तुकड्यालाच लागते, पण अटीच्या आधी स्वल्पविराम असेल तर ती मागच्या सगळ्या तुकड्यांना लागते असे मानायला हरकत नाही. आयोगाने ‘नियम’ म्हटले ते साधारण हेच.

आता दुसरी बाजू. दोन स्वल्पविराम दिसले म्हणजे ती जोडीच आहे असे कशावरून? पहिला स्वल्पविराम ‘आणि’ने सुरू होणाऱ्या तुकड्याला वेगळे करतो. दुसरा ‘जोवर’च्या अर्थाच्या अटीआधी आला आहे, आणि इंग्रजीत लांब वाक्याच्या शेवटी अशी अट आली की तिच्या आधी स्वल्पविराम घालण्याची सवय सर्रास आहे. वाचणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळावी, एवढाच त्याचा हेतू असू शकतो. म्हणजे एकाच चिन्हाची दोन कारणे संभवतात आणि चिन्ह स्वतः सांगत नाही की ते कोणत्या कारणाने तिथे बसले आहे. शिवाय इंग्रजीच्या नावाजलेल्या शैलीपुस्तकांत स्वल्पविराम कुठे घालावा याचे मार्गदर्शन असते. तो दिसला की अट मागच्या प्रत्येक तुकड्यापर्यंत पोचलीच पाहिजे, असा बंधनकारक नियम त्यांत नसतो. न्यायालयांनी अर्थ लावण्यासाठी बनवलेला आडाखा आणि लिहिणारे प्रत्यक्ष पाळतात तो विरामचिन्हांचा नियम, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आयोगाने पहिल्याला दुसऱ्याचे नाव दिले होते. तज्ज्ञाची खरी मदत इथे होते. भाषा वापरणारे लोक प्रत्यक्षात काय करतात, हे तो शैलीपुस्तके आणि उदाहरणे पुढे ठेवून दाखवू शकतो, आणि ते पुराव्याचे काम आहे.

भारतातल्या वाचकांना यात काही परके वाटू नये. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली अश्विनीकुमार घोष प्रकरणात म्हटले होते की कायद्याचा अर्थ लावताना विरामचिन्ह हा दुय्यम घटक आहे. त्याच न्यायालयाने १९७८-७९ च्या सुमारास महाराष्ट्रातून गेलेल्या एका फौजदारी प्रकरणात नेमका स्वल्पविरामच निर्णायक मानला. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम २७ मध्ये ‘साठवणे’ आणि ‘विक्रीसाठी मांडणे’ यांमध्ये स्वल्पविराम नव्हता. म्हणून ‘विक्रीसाठी’ ही अट साठवण्यालाही लागते, आणि औषधे नुसती बाळगणे त्या कलमाखाली गुन्हा ठरत नाही, असे न्यायालयाने धरले. दोन निर्णयांत विसंगती आहे असे वरवर वाटते. खरे तर दुसऱ्या प्रकरणात स्वल्पविरामाचा अभाव कायद्याच्या हेतूशी जुळत होता आणि शिक्षेचा प्रश्न असल्याने आरोपीला झुकते माप देणेही रास्त होते. कलम ८.१ मध्ये स्वल्पविरामाला असा सोबती होता का, हाच प्रश्न होता.

सोबती होता, पण तो रॉजर्सच्या बाजूला होता. करार पहिल्या दिवसापासून एका वर्षाच्या सूचनेने मोडता येणार असेल तर कलमातली ‘पाच वर्षे’ काय काम करतात? काहीच नाही. तो बेमुदत करार ठरतो, आणि पाच-पाच वर्षांच्या मुदती ही नुसती सजावट उरते. करारातला प्रत्येक शब्द काहीतरी काम करतो असे धरूनच न्यायालये अर्थ लावतात. हा मुद्दा वजनदार आहे, मात्र तो वाक्यरचनेचा नाही, संदर्भाचा आहे. प्रामाणिक तज्ज्ञ ही रेघ शपथपत्रातच आखतो: ‘वाक्य दोन प्रकारे वाचता येते’ इथपर्यंत माझे शास्त्र, ‘पक्षांना कोणता अर्थ अभिप्रेत होता’ हे न्यायालयाचे काम.

तो आणखी एक गोष्ट सांगू शकतो, आणि ती त्याला नेमणाऱ्या पक्षाला फारशी आवडणार नाही. रॉजर्सचे वाचन मान्य केले तरी कलम पूर्ण स्वच्छ होत नाही. नूतनीकरणाची पाच वर्षे सुरू झाल्यावर दुसऱ्याच वर्षी सूचना देऊन करार मोडता येईल, की सूचना दिली तरी ती मुदत संपेपर्यंत थांबावे लागेल? त्याचे उत्तरही त्या वाक्यात नाही. या खटल्यात तो प्रश्न उद्भवला नाही, कारण भांडण पहिल्या पाच वर्षांचे होते.

अशा साक्षीला न्यायालये सहज दार उघडत नाहीत. कराराचा अर्थ लावणे हा कायद्याचा प्रश्न मानला जातो, आणि इंग्रजी तर न्यायाधीशालाही येते, मग तज्ज्ञ कशाला, असा आक्षेप इंग्लंड-अमेरिकेत नेहमी येतो. विशिष्ट व्यापारातला पारिभाषिक शब्द असेल तर साक्ष घेतात, साध्या शब्दांसाठी बऱ्याचदा नाकारतात. भारतात १८७२ च्या पुरावा कायद्याचे कलम ४५ परकीय कायदा, विज्ञान, कला, हस्ताक्षर अशा बाबींवर तज्ज्ञांचे मत ग्राह्य धरत असे. त्याची जागा घेणाऱ्या २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ३९ मध्ये ‘इतर कोणतेही क्षेत्र’ असे शब्द वाढले आहेत. भाषेच्या रचनेचा अभ्यास त्यात बसवण्याला आता जास्त वाव आहे, असे म्हणता येते.

आक्षेपात तथ्य नाही असे नाही. तज्ज्ञाला एक पक्ष पैसे देतो, आणि त्याने ‘माझ्या मते अर्थ हाच’ असे लिहिले तर तो वकिलाचेच काम करतो. म्हणून चांगल्या साक्षीत मत कमी आणि पडताळून पाहता येण्याजोगी कृती जास्त असते. कंस, पुनर्लेखन, तुकडा काढून वाचण्याची चाचणी, हे सगळे न्यायाधीश स्वतः टेबलावर करून पाहू शकतो. भाषा येणे आणि भाषेची रचना उलगडून दाखवता येणे यांत अंतर आहे. एखादा अर्थ डोक्यात पक्का बसला की दुसरा दिसेनासा होतो, आणि हे न्यायाधीशाच्या बाबतीतही घडते. तो दुसरा अर्थ दिसता करणे, एवढ्यासाठी तरी ही साक्ष ऐकावी.

रॉजर्स प्रकरणाचा शेवट मात्र वेगळ्याच वाटेने झाला. कलम ८.१ दोन कंपन्यांच्या वकिलांनी नव्याने रचलेले नव्हते. ते आयोगानेच मंजूर केलेल्या नमुना करारातून आले होते, आणि कॅनडाच्या रीतीप्रमाणे तो नमुना इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही राजभाषांत होता. फ्रेंच मजकूर लिहिणाऱ्याने लांब इंग्रजी वाक्य तोडले होते. करार सहीच्या तारखेला लागू होतो, हे एक वाक्य. दुसऱ्या वाक्यात तो पाच वर्षे अमलात राहतो आणि नंतर त्याचे पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकरण होते, एक वर्षाची लेखी सूचना दिली असेल तर सोडून. या रचनेत ‘नूतनीकरण होते’ असे नवे क्रियापद आले, आणि अट त्या क्रियापदाला जाऊन बिलगली. पहिल्या पाच वर्षांपर्यंत पोचायला तिला वाव राहिला नाही. २० ऑगस्ट २००७ रोजी आयोगाने आपला आधीचा अर्थ फिरवला. इंग्रजी मजकूर दोन अर्थांना वाव देतो आणि फ्रेंच एकालाच, तर दोन्ही भाषांना समान असलेला अर्थ घ्यावा, असा त्यामागचा विचार होता. तो अर्थ रॉजर्सचा होता.

या वळणामुळे अ‍ॅडम्स यांच्या ६९ पानांवर थेट निवाडा झालाच नाही. तरीही इंग्रजी वाक्यातून दोन अर्थ निघतात हे मान्य झाल्याशिवाय फ्रेंच मजकुराकडे पाहण्याची गरजच पडली नसती. महाराष्ट्रात अनेक कंपन्यांच्या आणि सरकारी करारांत मराठी-इंग्रजी दोन्ही मजकूर देऊन ‘वाद झाल्यास इंग्रजी मजकूर अंतिम मानला जाईल’ असे कलम टाकलेले असते. रॉजर्स आणि अ‍ॅलियंट यांच्या व्यवहारावर तसे बंधन असते तर फ्रेंच वाक्य कपाटातच राहिले असते, आणि आयोगाला त्या दुसऱ्या स्वल्पविरामाचा निकाल स्वतःच लावावा लागला असता.